टोटल 40 आली म्हणजे ब्ल्यूप्रिंट जुळली असं नसतं

"सर, आमच्या 10वीच्या गणिताच्या 40 मार्कांच्या टेस्टचा पेपर दुसऱ्या शाळेतल्या सरांनी काढलाय. मला पेपरचे तीन फोटो आणि ब्ल्यूप्रिंटचा एक फोटो आलाय. एचएम म्हणतात धडेवार मार्क प्लॅनप्रमाणे पडलेत का बघून सांगा. मी सगळे मार्क मिळवले, 40 आले. एवढं पुरतं का, अजून काय बघायचं असतं? (मराठी माध्यम, खानापूर तालुका)"

पुरत नाही मॅडम. टोटल तर पेपर काढणारा माणूस स्वतःच दोनदा मिळवून बघतो आणि मगच पाठवतो, त्यामुळे तिथं चूक क्वचित सापडते. चूक असते ती आतल्या चौकटींत आणि त्याहून जास्त त्या "अथवा"मध्ये. मी गेली बरीच वर्षं आमच्या भागातल्या शाळांचे गणिताचे पेपर असे तपासून देतोय आणि सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच टोटल मारून सही करायचो, त्याचं काय झालं ते पुढं सांगतो.

पहिल्यांदा ब्ल्यूप्रिंट बाजूला ठेवा, उघडूसुद्धा नका. फोटो पुरा आहे का तेवढंच बघा. फोटोतला पेपर आणि हातातला पेपर यात फरक असतो, फोटोत पानाचा खालचा काठ कापला जातो, घडीवरची ओळ सावलीत जाते, उजवीकडची मार्कांची पट्टी फ्रेमच्या बाहेर राहते. म्हणून प्रश्न क्रमांक 1 पासून बोट ठेवून मोजत शेवटपर्यंत जायचं, मध्ये एक आकडा उडी मारतो का बघायचं. मग प्रत्येक विभागाच्या डोक्यावर उजवीकडं छापलेलं असतं ना, 8 × 1 = 8, 6 × 2 = 12, तसं, त्याच्यातला पहिला आकडा आणि खाली खरोखर मोजलेले प्रश्न जुळतात का ते बघायचं. हे दोन्ही जुळले तरच फोटो पुरा आहे म्हणायचं. कमी पडलं तर त्याच सरांकडून त्या पानाचा फोटो परत मागवायचा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणून सांगायचं, नाहीतर तो इतका दाबला जातो की घातांकातला 2 आणि 3 एकसारखे दिसतात. फोनमधून फोटोवरचा मजकूर उचलून घ्यायची सोय असते पण गणिताला तिचा भरवसा धरू नका, ती वर्गमूळाचं चिन्ह गिळते आणि वजाचं चिन्ह कधी येतं कधी येत नाही, हातानं उतरवून घेतलेलं बरं.

(आणि परीक्षा व्हायच्या आधीचा पेपर असेल तर हे फोटो कुठल्याही ग्रुपवर फिरवू नका हो. एकाकडून एकाकडं, आणि काम झालं की दोघांनी डिलीट. खरं तर असा पेपर शाळेत बसून कागदावरच तपासायला पाहिजे, पण दोन शाळांमध्ये पंचवीस किलोमीटर आणि दिवसाला दोन बस असल्यावर काय करणार.)

आता माझ्याकडे आलेला एक पेपर सांगतो म्हणजे सगळं त्यातच कळेल. तुमच्यासारखाच, 10वी गणित, 40 मार्क, सहा धडे, तीन फोटो. रचना अशी की 1 ते 8 एक मार्काचे, 9 ते 14 दोन मार्कांचे, 15 ते 18 तीन मार्कांचे आणि 19, 20 चार मार्कांचे, म्हणजे 8 + 12 + 12 + 8, झाले 40. मी मोजायला लागलो तर 16 नंतर एकदम 18. दुसऱ्या फोटोचा खालचा काठ आणि तिसऱ्या फोटोचा वरचा काठ यांच्यामध्ये 17 वा प्रश्न गेलेला आणि मिळवलं तर 37. माझ्याबरोबर एक तरुण सर होते, ते म्हणाले, "सर, ब्ल्यूप्रिंटमध्ये निर्देशक भूमितीचा तीन मार्कांचा एक आहे आणि पेपरात कुठं दिसत नाही, म्हणजे 17 वा तोच असणार की, लिहून टाका." बघा, हेच करायचं नसतं. आपण पेपर ब्ल्यूप्रिंटला ताडून बघायला बसलोय आणि पेपरातली रिकामी जागा ब्ल्यूप्रिंट बघूनच भरली तर तपासलं काय? फोटो परत मागवला, निघाला तो निर्देशक भूमितीचाच, पण तो नशिबाचा भाग झाला.

फोटो पुरा झाला की एक कोरा कागद घ्यायचा आणि प्रत्येक प्रश्नाला एक ओळ करायची: प्रश्न क्रमांक, धडा, मार्क, आणि तो मूळ प्रश्न आहे का अथवातला. धडा कोणता ते प्रश्न वाचून आपण ठरवायचं, ब्ल्यूप्रिंट बघून नाही. काही पेपर काढणारे सर समासात धड्याचं नाव लिहून पाठवतात, ते झाकून ठेवा, कारण ते त्यांचं म्हणणं झालं. एकदा ते वाचलं की आपलं डोकं त्याच्याच मागं जातं आणि प्रत्येक प्रश्नाला "हां, बरोबर" म्हणत सुटतं, माणसाचा स्वभावच आहे. शक्य असलं तर शाळेतल्या दुसऱ्या गणिताच्या सरांना अशीच यादी वेगळी करायला सांगा. दोघांच्या यादीत जिथं धडा वेगवेगळा पडलाय तेच खरे बघायचे प्रश्न, सहसा वीसमध्ये दोन-तीनच निघतात, बाकीचे सतरा-अठरा वादाचे नसतात.

यादी झाली की आता ब्ल्यूप्रिंट उघडा. उघडल्यावर चौकटीत 2(2), 3(1) असले आकडे दिसतील. साधारण पद्धत अशी की कंसाबाहेर मार्क आणि कंसात प्रश्नांची संख्या, तशी टीप तक्त्याखाली लिहिलेली असते. पण फोटोत ती टीप हमखास कापलेली असते, आणि काही जण उलट, म्हणजे बाहेर प्रश्नांची संख्या आणि कंसात एका प्रश्नाचे मार्क लिहितात, आणि काही जण कंसाबाहेर एका प्रश्नाचे मार्क लिहितात, चौकटीचे एकूण नव्हे. मग ओळखायचं कसं? शेवटच्या कॉलममधली धड्याची बेरीज बघून. माझ्या त्या ब्ल्यूप्रिंटमध्ये अंकगणिती श्रेढीच्या ओळीत 2(2), 2(1), 3(1) आणि शेवटी 7(4) होतं. कंसाबाहेरचे एकूण मार्क धरले तर 2 + 2 + 3 = 7, जुळलं. दुसऱ्या दोन्ही रीतींनी वाचलं तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो, 4 + 2 + 3 = 9 येतात, म्हणजे ती रीत इथं नाही. एक लक्षात ठेवा, ही परीक्षा जिथं एका चौकटीत एकापेक्षा जास्त प्रश्न आहेत अशाच ओळीवर करायची. वर्गसमीकरणांच्या ओळीत 1(1), 2(1), 3(1) होतं, ते कसंही वाचलं तरी 6 च येतात आणि तुम्हाला वाटतं जुळलं.

त्या ब्ल्यूप्रिंटचं आणि माझ्या यादीचं शेजारी शेजारी असं चित्र आलं, पहिल्यांदा प्लॅन मग पेपर:

अंकगणिती श्रेढी: प्लॅन 7, पेपर 10
त्रिकोण: प्लॅन 7, पेपर 7
रेषीय समीकरणांची जोडी: प्लॅन 7, पेपर 7
वर्गसमीकरणे: प्लॅन 6, पेपर 3
निर्देशक भूमिती: प्लॅन 6, पेपर 6
वास्तव संख्या: प्लॅन 7, पेपर 7

दोन्हीकडं टोटल 40. वरवर बघितलं तर एकच भानगड दिसते, श्रेढीत तीन वाढले आणि वर्गसमीकरणात तीन गेले. खरं तर त्या पेपरात तीन भानगडी होत्या आणि या यादीत त्यातली एकच दिसतेय. एकेक सांगतो.

दिसणारी भानगड म्हणजे 16 वा प्रश्न. "अंकगणिती श्रेढीतील तीन क्रमागत पदांची बेरीज 15 आणि गुणाकार 80 आहे, तर ती पदे काढा." पेपर काढणाऱ्या सरांनी हा वर्गसमीकरणात धरलेला आणि मी श्रेढीत. फोनवर त्यांचं म्हणणं असं की शेवटी वर्गसमीकरणच सोडवायचं आहे की. मी अशा वेळी एकच बघतो, पोरगं पहिल्यांदा कुठं अडेल? ज्याला श्रेढी येत नाही त्याला पदं a − d, a, a + d धरायची हेच सुचणार नाही, तो पहिल्याच पायरीवर बसला. आणि ज्याला श्रेढी येते पण वर्गसमीकरणाचा धडा पुरा झालेला नाही त्याचं काय होतं बघा, बेरजेवरून a = 5, मग 5(25 − d²) = 80, म्हणजे d² = 9, d आलं 3 किंवा −3, पदं 2, 5, 8. त्यात ना अवयव पाडायचे, ना सूत्र, ना विवेचक, वर्गसमीकरणाच्या धड्यात शिकवलेलं काहीच लागलं नाही. म्हणून तो श्रेढीचाच. हा प्रश्न वाईट आहे असं नाही, चांगलाच आहे, फक्त चुकीच्या खात्यात जमा केलाय. आणि त्यामुळं वर्गसमीकरणाला 6 च्या जागी फक्त 3 मार्क उरले, म्हणजे निम्मे, तेही एक आणि दोन मार्कांचे सुटे प्रश्न, सविस्तर सोडवायचा एकही नाही.

दोन धडे एकमेकांत घुसतात अशा जागा गणितात ठरलेल्याच आहेत, त्या माहीत असल्या की डोळा तिकडंच जातो. शाब्दिक उदाहरणं ही रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं यांच्यामध्ये लोंबकळतात, पायथागोरसचं उदाहरण त्रिकोण आणि उंची-अंतर यांच्यात, स्पर्शिकेचं वर्तुळ आणि त्रिकोण यांच्यात. प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारायचा, कुठला धडा काढून टाकला तर हे उदाहरण सुटणारच नाही? दोन्ही धडे खरोखर लागत असतील तर मार्क अर्धे अर्धे वाटू नका, दीड-दीड मार्काच्या चौकटी करून काही कळत नाही, जिथं जास्त पायऱ्या आहेत तिथं टाका आणि शेजारी "मिश्र" म्हणून खूण करा.

दुसरी भानगड यादीत दिसत नाही कारण ती धड्याच्या बेरजेत लपते. निर्देशक भूमिती 6 ला 6, वास्तव संख्या 7 ला 7, अगदी बरोबर. पण चौकटी उघडून बघितल्या तर निर्देशक भूमितीला प्लॅनमध्ये एक मार्काचा 1, दोनचा 1, तीनचा 1 असे होते आणि पेपरात एक मार्काचे 3 आणि तीनचा 1, दोनचा एकही नाही. वास्तव संख्येला प्लॅनमध्ये एक मार्काचे 2, दोनचा 1, तीनचा 1, पेपरात दोनचे 2 आणि तीनचा 1. म्हणजे दोन धड्यांनी आपापसात अदलाबदल केली, एकानं एक मार्काचे दोन प्रश्न दिले आणि दोन मार्कांचा एक घेतला. गंमत म्हणजे आडवी बेरीजही जुळते आणि उभी बेरीजही जुळते, एक मार्काचे 8 च, दोन मार्कांचे 6 च. नुसत्या कडेच्या बेरजा बघणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही, चार चौकटी चुकल्या तरी. म्हणून चौकट न चौकट ताडायची. आता ही चूक किती मोठी? माझ्या मते फार नाही, धड्याचं वजन तेवढंच आहे, पोराचं नुकसान नाही. मी ते लिहून कळवतो पण त्यासाठी पेपर बदला म्हणून हट्ट धरत नाही.

तिसरी मात्र मोठी, आणि हीच माझी जुनी जखम. 19 वा प्रश्न चार मार्कांचा, रेषीय समीकरणांची जोडी आलेखानं सोडवा. त्याला अथवा म्हणून दिलं होतं, दोन त्रिकोणांच्या समरूपतेच्या को-को कसोटीची सिद्धता. आणि 20 वा प्रश्न काय? प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, म्हणजे थेल्सचं, सिद्ध करा. मूळ प्रश्न मोजले तर रेषीय समीकरणं 7, त्रिकोण 7, एकदम प्लॅनप्रमाणे. पण ज्या पोरानं 19 ला अथवा घेतला त्याच्यापुरता पेपर बघा, त्रिकोण झाले 11 आणि रेषीय समीकरणं उरली 3. एकाच टेस्टला दोन वेगळे पेपर झाले, एक आलेख काढणाऱ्यांचा आणि एक सिद्धता पाठ करणाऱ्यांचा.

काही वर्षांपूर्वी एका सराव परीक्षेच्या पेपरावर अशीच माझी सही होती. टोटल जुळली, धडे जुळले, अथवा मी वाचलासुद्धा नाही कारण "तो काय, त्याचे मार्क मोजायचे नसतात". पेपर तपासायला बसलो तेव्हा गठ्ठा हातात घेतल्या घेतल्याच काहीतरी हलका वाटला, बघतो तर निम्म्याहून जास्त उत्तरपत्रिकांना आलेख कागद जोडलेलेच नाहीत. पोरांनी आलेख सोडून प्रमेय लिहिलेलं, त्यांचं काय चुकलं, पेपरानंच वाट दिली. पुढं फायनलला आलेख आला आणि त्याच पोरांना एक्स अक्षावर किती एककं घ्यायची इथपासून अडलं. तेव्हापासून मी अथवातल्या प्रश्नाचीही वेगळी ओळ करतो. टोटलमध्ये धरत नाही, पण त्याचा धडा आणि मार्क मूळ प्रश्नाएवढेच पाहिजेत, आणि जमलं तर काम पण त्याच जातीचं पाहिजे. आलेखाला अथवा द्यायचाच असला तर त्याच धड्यातलं चार मार्कांचं शाब्दिक उदाहरण द्या, नाहीतर दुसरी एक जोडी आलेखालाच द्या.

आपल्या सीमाभागात अथवाची अजून एक गंमत आहे. पेपर पुष्कळदा आधी कन्नडमध्ये तयार होतो आणि मग मराठीत उतरवतात, आणि उतरवताना मधला "अथवा" शब्दच गळतो. मग दोन पर्याय सलग दोन सक्तीचे प्रश्न दिसतात. लगेच कळतं, विभागाच्या डोक्यावर 2 × 4 = 8 आणि खाली मोजले तर तीन प्रश्न. असं झालं की कन्नड प्रतीचा त्याच पानाचा फोटो मागवा, कन्नड वाचता येत नसलं तरी क्रमांक आणि आकडे कळतात, आणि शेजारच्या कन्नडच्या मॅडम दोन मिनिटांत वाचून देतील. फोटोत कापलेली ओळसुद्धा अशीच दुसऱ्या माध्यमाच्या प्रतीवरून मिळते, मात्र ती "दुसऱ्या प्रतीवरून घेतली" असं लिहून ठेवा, कारण दोन्ही प्रतींत तोच प्रश्न असेलच असं नाही आणि आपल्याला तपासायचाय तो मराठीच पेपर.

हे सगळं कागदावर होतं, वीस प्रश्नांना अर्धा तास पुरतो. पण बोर्डाच्या धर्तीवरचा 80 मार्कांचा पेपर असला की 38 प्रश्न आणि चौदा धडे, तिथं शीट बरं पडतं. A मध्ये प्रश्न क्रमांक, B मध्ये धडा, C मध्ये मार्क, D मध्ये "मूळ" किंवा "अथवा". पहिलं सूत्र धड्याचे मार्क देतं, दुसरं त्या धड्यातले एक मार्काचे प्रश्न मोजतं:

```
=SUMIFS(C:C,B:B,"श्रेढी",D:D,"मूळ")
=COUNTIFS(B:B,"श्रेढी",C:C,1,D:D,"मूळ")
```

यात एकच ठिकाणी पाय घसरतो. धड्याचं नाव एकदा "श्रेढी", एकदा "श्रेणी", एकदा शेवटी मोकळी जागा सोडून टाईप झालं की शीट त्यांना वेगळे धडे समजतं आणि तो प्रश्न कुठल्याच बेरजेत येत नाही, आणि काही बोंबही मारत नाही. म्हणून नाव एकदाच टाईप करायचं आणि खाली कॉपी करायचं, आणि सगळ्या धड्यांच्या बेरजांची परत बेरीज मारून ती पेपरच्या टोटलएवढी येते का बघायचं. 40 च्या जागी 38 आले तर दोन मार्कांचा एक नाहीतर एक मार्काचे दोन प्रश्न स्पेलिंगमुळं बाहेर राहिले असं समजा. आकडे पण 1, 2, 3 असेच टाका, देवनागरी टाकले तर बेरजेत घोळ होतो.

राहिले ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे उद्दिष्टांचे कॉलम. खरं सांगायचं तर फोटोवरून हे पुरतं तपासता येत नाही, कारण तेच उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवून घेतलेलं असेल तर ते पोराला आठवण झालं आणि नसेल तर उपयोजन. मी एवढंच करतो, पुस्तक उघडून सोडवून दाखवलेल्या उदाहरणांत तेच आकडे आहेत का बघतो. ब्ल्यूप्रिंटमध्ये उपयोजन लिहिलंय आणि आकडेसुद्धा पुस्तकातलेच, तर त्यावर खूण करतो. आणि आलेख, आकृती हे कौशल्यात धरलेले प्रश्न अथवामुळं टाळता येतात का ते बघतो, ते तर वर झालंच. सोपं-मध्यम-कठीण यावर मी फोनवर वाद घालत नाही, त्यात दोन शिक्षकांची दोन मतं असतातच.

आता एचएमना काय सांगायचं. माझा हिशोब असा, 40 मार्कांच्या पेपरात एखाद्या धड्यात 1 मार्काचा फरक असला तर सोडून द्यायचं, 2 चा असला तर पेपर काढणाऱ्या सरांना विचारायचं, 3 किंवा जास्त असला किंवा कुठल्या धड्याचे निम्मे मार्क गेले तर प्रश्न बदलायला सांगायचं. हा काही सरकारी नियम नव्हे, माझा आपला. बदलताना त्याच चौकटीतला प्रश्न मागायचा, म्हणजे दुसरं काही हलत नाही. त्या पेपरात आम्ही 16 व्याच्या जागी असं घातलं, आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा 3 मी. जास्त आहे आणि क्षेत्रफळ 40 चौ.मी. आहे, तर बाजू काढा. x(x + 3) = 40, अवयव पाडून x = 5, लांबी 8, तीन मार्कांना नेमकं आणि धड्याबद्दल शंका नाही. 19 च्या अथवात रेषीय समीकरणांचं शाब्दिक उदाहरण आलं. एवढ्या दोन बदलांत श्रेढी परत 7 वर, वर्गसमीकरण परत 6 वर, आणि कुठलंही पोर कुठलाही पर्याय घेऊन बसलं तरी धड्यांचे मार्क तेच. पेपर काढणाऱ्या सरांना फोन करताना मात्र "तुमचा पेपर चुकलाय" असं सुरू करू नका, "सर, 16 वा तुम्ही कुठल्या धड्यात धरलाय" एवढंच विचारा, बाकी ते स्वतःच बोलतात.

आणि टेस्ट होऊन गेल्यावर हे लक्षात आलं तर पेपरला हात लावायचा नाही, पण आपली यादी टाकू नका. निकालाचं धडेवार विश्लेषण करायला लावतात ना, तेव्हा ब्ल्यूप्रिंटमधले 6 धरून "वर्गसमीकरणात 6 पैकी 3, पोरं कच्ची" असं लिहिलं जातं, जेव्हा पेपरात होतेच मुळी 3 आणि पोरांनी तिन्ही मिळवलेले असतात. तिथं भागायचा आकडा पेपरच्या यादीतला घ्या, ब्ल्यूप्रिंटमधला नको, आणि अथवा असलेल्या प्रश्नाला कुणी कुठला पर्याय लिहिला ते उत्तरपत्रिका बघून वेगळं मोजा. तुमचे तीन फोटो आणि यादी तयार झाली की 19, 20 च्या जागचे प्रश्न पहिल्यांदा बघा, तुमच्या पेपरात चार मार्कांना अथवा आहेच असं धरून सांगतोय.